सात महिने गॅसच्या गोळ्या, आठ किलो वजन कमी: एका प्रकरणाचा अभ्यास

रुग्ण पुरुष, वय ५१. बीड जिल्ह्यात केजच्या बाजूला पाच एकर कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. साखर नाही, बीपी नाही, दारू नाही. तंबाखू-चुना मात्र पंचवीस वर्षांपासून. गुडघे धरले की डायक्लोफिनॅकची गोळी, तीही बहुतेक वेळा मेडिकलमधून परस्पर आणलेली. तक्रार अशी, की जेवलं की पोट गच्च होतं, आंबट ढेकर येतात, छातीखाली जळजळतं. शेवटी निदान झालं ते जठराच्या खालच्या भागातल्या कर्करोगाचं.

हा रुग्ण म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. अशा रुग्णांच्या फायलींमध्ये जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तो इथे एकाच रुग्णाच्या रूपात मांडला आहे. त्या क्रमात निदान कुठे कुठे हाताशी येऊन निसटलं, तेवढंच बघायचं आहे.

पेरणीपासून दिवाळीपर्यंत

जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत पहिली तक्रार सुरू झाली. शेतात दुपारची भाकरी खाताना अर्ध्यातच पोट भरल्यासारखं व्हायचं. एका बैठकीत दोन भाकरी खाणारा माणूस एका भाकरीवर आला. गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, कुठे गाठ लागली नाही. त्यांनी आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलच्या १४ गोळ्या, पातळ अँटासिडची बाटली आणि "तिखट बंद करा, काका" एवढा सल्ला दिला. चौथ्या-पाचव्या दिवशी फरक पडला.

गोळ्या संपल्या आणि दहा-बारा दिवसांत त्रास परत आला. पुढचे दोन महिने रुग्ण डॉक्टरांकडे गेलाच नाही. रिकामं पाकीट मेडिकलवर दाखवायचं, तीच गोळी आणायची, आठ दिवस घ्यायची, बरं वाटलं की सोडायची. मधूनच लिंबू-सोडा, कधी पाण्यात खायचा सोडा. गौरी-गणपतीच्या सुमारास ज्वारीची भाकरी जवळपास सुटली. वरण-भात, दूध-भात यावर भागवणं सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये बायकोने तालुक्याला नेलं तेव्हा ती डॉक्टरांना म्हणाली, "ह्यांचं जेवणच तुटलंय. आर्धी भाकर बी जाईना गेलीय."

या वाक्यात रोगाची सगळ्यात महत्त्वाची खूण होती. जळजळ आणि आंबट ढेकर पन्नास कारणांनी होतात. पण नेहमीच्या जेवणाच्या निम्म्यावरच पोट भरणं आणि तो निम्मा आकडा महिन्यागणिक आणखी खाली येणं ही वेगळी गोष्ट आहे. अन्न पोटात आलं की जठर सैल पडून त्याला जागा करून देतं, आणि मग खालचा भाग ते घुसळून पुढच्या आतड्यात ढकलतो. खालची भिंत गाठीने कडक झाली, की घुसळणं आणि ढकलणं दोन्ही मंदावतं. थोड्याशा जेवणाने पोट तुडुंब वाटतं. पुढे वाट आणखी अरुंद झाली की सकाळी खाल्लेलं संध्याकाळी जसंच्या तसं उलटीतून पडतं. या रुग्णाच्या बाबतीत ती वेळ अजून आली नव्हती.

ऑक्टोबरच्या त्या भेटीत साखर, थायरॉइड, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. वजन उतरण्यामागे मधुमेह, थायरॉइड आणि क्षय ही आपल्याकडची नेहमीची कारणं, त्यामुळे त्या तपासण्या योग्यच होत्या. घोळ सोनोग्राफीपाशी झाला. रिपोर्टवर यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड सगळ्यांपुढे "नॉर्मल" लिहिलेलं होतं, आणि घरच्यांनी त्याचा अर्थ "पोटात काही नाही" असा घेतला. जठर ही पोकळ पिशवी आहे आणि तिच्यात हवा असते. सोनोग्राफीच्या लहरी हवेतून नीट जात नाहीत. जठराच्या आतल्या अस्तरावर दोन सेंटिमीटरची जखम असली तरी साध्या सोनोग्राफीत ती दिसेल याची काहीही खात्री नाही. त्या रिपोर्टमध्ये जठराबद्दल एक शब्दही नव्हता, पण हे घरच्यांच्या लक्षात आणून कुणी दिलं नाही. टेन्शनचं निदान झालं, नुसत्या पँटोप्राझोलची जागा त्याच्याच, डोमपेरिडोन या मळमळीच्या औषधासोबतच्या जोडगोळीने घेतली आणि सोबत झोपेची हलकी गोळी मिळाली.

एकाच पिशवीतले दोन कागद

डिसेंबरमध्ये थकवा इतका वाढला की तूर काढणीला रुग्ण बांधावर बसूनच राहिला. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियनकडे दाखवलं. त्यांनी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली आणि तिच्यातून दोन कागद बाजूला काढले. एक होता १४ एप्रिलच्या जयंतीला गावात झालेल्या रक्तदान शिबिराचा. त्यावर वजन ६६ किलो, हिमोग्लोबिन १३.४. दुसरा ऑक्टोबरचा केस पेपर, कोपऱ्यात नर्सने लिहिलेलं वजन ६१ किलो. दोन्ही कागद दोन महिने एकाच पिशवीत होते, पण शेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते. फिजिशियनच्या काट्यावर वजन भरलं ५८ किलो.

हिशेब साधा आहे. सहा ते बारा महिन्यांत, प्रयत्न न करता, मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ते तपासण्याजोगं मानतात. ६६ किलोचे ५ टक्के म्हणजे ३.३ किलो. ऑक्टोबरमध्ये ५ किलो गेले होते, म्हणजे साडेसात टक्के. ती रेषा तेव्हाच मागे पडली होती. डिसेंबरमध्ये ८ किलो, म्हणजे १२ टक्के.

शेतकरी घरात वजन उतरणं लपून राहतं त्याला कारणं आहेत. खरिपात काम जास्त, श्रावणात उपास, वर पोट बिघडलेलं, त्यामुळे "उतरणारच" असं सगळ्यांना वाटतं. पण कामामुळे उतरलेलं वजन कामं हलकी झाली की भरून येतं आणि भूक वाढलेली असते. इथे भूक कमी होती आणि दसऱ्यानंतरही उतार थांबला नव्हता. जुना आकडा मिळाला नाही, तर पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक, ढिली झालेली अंगठी, वर्षभरापूर्वीच्या लग्नातला फोटो यांवरूनही अंदाज येतो. शिबिराची, विम्याची, एखाद्या जुन्या ऑपरेशनची कागदं शोधली तर बऱ्याच घरांत एखादा आकडा सापडतो. पुढचं वजन मात्र एकाच काट्यावर, सकाळी, तेवढ्याच कपड्यांत करावं. दोन वेगळ्या काट्यांत एक-दोन किलोचा फरक सहज पडतो, आणि त्यावरून घाबरणं जितकं चूक तितकंच निर्धास्त होणंही चूक.

रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.९, लाल पेशी लहान आणि फिकट, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा अगदी तळाला. घरच्यांचा पहिला अंदाज रक्तदानाचा होता. तो टिकत नाही. एकदा ३५० मिलीलिटर रक्त दिल्याने हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने खाली येतं आणि दोन-तीन महिन्यांत भरून निघतं. आठ महिन्यांनंतर साडेचार ग्रॅमची घट त्याने होत नाही. पन्नाशीच्या पुरुषाला लोहाची कमतरता असेल, तर रक्त कुठून तरी जातंय असंच धरून चालायचं, आणि ते बहुतेक वेळा अन्नमार्गातून जातं. रोज थोडं थोडं झिरपणारं रक्त शौचात डोळ्यांना दिसत नाही. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच व्हायला एका वेळी निदान ५० ते १०० मिलीलिटर रक्त जावं लागतं. म्हणून "संडास काळी होत नाही" या उत्तरावर कुणी निश्चिंत होऊ नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण तिला तसा चिकटपणा आणि वास नसतो.

फिजिशियननी लोहाची गोळी लगेच सुरू केली नाही. आधी एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, लिहून दिली आणि कारणाच्या जागी "वजन घट, लोहाची कमतरता, सहा महिने अपचन" असं स्पष्ट लिहिलं. चिठ्ठीवर नुसतं "अ‍ॅसिडिटी" लिहिलेलं असेल तर तपासणारा वेगळ्या नजरेने बघतो. म्हणून हे एवढं लिहिणंही महत्त्वाचं.

गोळीने बरं का वाटलं

"गोळीने फरक पडत होता, मग कॅन्सर कसा?" हा प्रश्न अशा प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. जठरातला कर्करोग बऱ्याचदा जखमेच्या, म्हणजे अल्सरच्या रूपात असतो. उघड्या जखमेवर आम्ल लागलं की जळजळतं. पातळ अँटासिड तयार झालेलं आम्ल मारतं, त्याचा असर थोडाच वेळ टिकतो. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल आम्ल तयार करणारे पंपच बंद करतं, त्याचा असर दिवसभर राहतो. जखम साधी असो वा कर्करोगाची, आम्ल कमी झालं की दुखणं कमी होणारच. त्यापुढची गोष्ट जास्त धोक्याची आहे. कर्करोगाच्या जखमेचा पृष्ठभागही या गोळ्यांखाली काही काळ भरून येतो. वरून नवं अस्तर चढतं, खाली गाठ वाढत राहते, आणि काही आठवड्यांनी जखम पुन्हा उघडते. गोळीने आराम पडणं यावरून जखम कोणती, हे ठरवता येत नाही.

याचा अर्थ गोळी वाईट असा नाही. तिशीतल्या माणसाला अपचन आहे, वजन स्थिर आहे, रक्त कमी नाही, गिळायला त्रास नाही, उलट्या नाहीत, अशा वेळी चार ते आठ आठवडे सकाळी जेवणाआधी अर्धा तास पँटोप्राझोल देणं आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची चाचणी करणं हीच बरोबर पद्धत आहे. त्याला लगेच दुर्बीण घालायची गरज नसते. या रुग्णात चूक झाली ती दुसऱ्यांदा त्रास परतला तेव्हा. वयाची पन्नाशी, पहिला कोर्स पुरा होऊनही त्रास परत, आणि जेवण तुटलेलं. ऑगस्टमध्येच वजन करून दुर्बिणीला पाठवण्याइतकी कारणं जमा होती.

वयाच्या मर्यादेबद्दल थोडं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शनात ५५ वर्षं आणि त्यावरच्या वयात वजन घट आणि अपचन एकत्र असेल तर तातडीने दुर्बीण करायला सांगितलं आहे. तो आकडा तिथल्या लोकसंख्येवरून ठरलेला आहे. आपल्याकडे हा आजार पन्नाशीच्या आसपास आणि त्याआधीही सापडतो. या रुग्णाचं वय ५१ होतं, ती रेषा जशीच्या तशी लावली असती तर तो बाहेरच राहिला असता. वजन उतरत असेल, रक्त कमी असेल, घास अडकत असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा रक्ताची उलटी झाली असेल, तर चाळिशीनंतर थांबायचं कारण नाही, आणि चाळिशीच्या आतही ही लक्षणं झटकून टाकायची नाहीत. अशा तपासणीत बऱ्याच जणांना कर्करोग नसतो, साधा अल्सर किंवा जंतूमुळे आलेली सूज निघते. तीही नेमकी कळली तर नेमका उपचार होतो, त्यामुळे तपासणी वाया गेली असं होत नाही.

पहिली दुर्बीण

तपासणीचा दिवस ठरला. केंद्र दूर, त्यामुळे रुग्ण पहाटेच्या एसटीने निघाला आणि निघताना दुधाचा चहा आणि चार बिस्किटं घेतली. "काही खाल्लं नाही ना?" याला उत्तर दिलं, "नाही, फक्त चहा." दुर्बीण आत गेली तेव्हा जठरात फेस आणि अन्नाचे कण होते. साधारणपणे घन अन्न सहा ते आठ तास आणि दूध-चहा सहा तास बंद ठेवायचा असतो, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. ज्याचं जठर मुळातच उशिरा रिकामं होतं, त्याने आदल्या दिवशी दुपारनंतर पातळच घ्यावं. नाहीतर अस्तराचा मोठा भाग झाकलेलाच राहतो.

खालच्या भागात, आतल्या वळणावर दीड सेंटिमीटरची जखम दिसली. रुग्ण डायक्लोफिनॅक घेतो हे माहीत असल्याने ती गोळीची जखम असावी असं वाटणं स्वाभाविक होतं. वेदनाशामक गोळ्यांचे अल्सर याच भागात जास्त होतात. दोन तुकडे घेतले गेले. जंतूची झटपट चाचणी निगेटिव्ह आली. आठवड्याने बायोप्सीचा रिपोर्ट आला: जुनाट सूज, कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. घरात आनंद झाला. पेढे वाटायचे राहिले तेवढेच.

या रिपोर्टवर विश्वास ठेवू नये, असं वाटायला तीन कारणं होती. पहिलं, तुकडे दोनच. कर्करोगाच्या जखमेतून एकच तुकडा घेतला तर सुमारे १० पैकी ३ वेळा निदान हुकतं. कडेच्या चारही बाजूंनी आणि तळातून मिळून सहा ते आठ तुकडे घेतले तर हुकण्याचं प्रमाण अगदी थोडं उरतं. जखमेच्या मधोमध बऱ्याचदा मेलेल्या पेशींचा थर असतो, तिथला तुकडा काहीच सांगत नाही. दुसरं, रुग्ण पाच आठवडे रोज आम्ल बंद करणारी गोळी घेत होता. त्याने जखमेचं रूपही बदलतं आणि जंतूची चाचणीही खोटी निगेटिव्ह येऊ शकते. या चाचणीसाठी अशी गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ चार आठवडे बंद असावं लागतं. तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे रिपोर्ट आणि माणूस जुळत नव्हते. साध्या सुजेने आठ किलो वजन आणि साडेचार ग्रॅम हिमोग्लोबिन जात नाही.

नियमाने जठरातल्या प्रत्येक अल्सरची सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण करून तो भरला का ते पाहतात. इथे फिजिशियननी तेवढं थांबायला नकार दिला. संशय इतका असेल तर निगेटिव्ह तुकड्यांनंतर लगेच पुन्हा तुकडे घ्यायचे, हाच निर्णय योग्य ठरतो.

दुसरी दुर्बीण

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरी तपासणी झाली. या वेळी रुग्ण आदल्या दिवशीच मुक्कामाला आला, दुपारनंतर फक्त पेज आणि पाणी घेतलं. दहा दिवस पँटोप्राझोल बंद होतं. गोळी थांबवण्यासाठी दुर्बीण पुढे ढकलायची नसते, पण मध्ये दिवस मिळतच असतील तर त्यांचा उपयोग करून घ्यावा.

तपासणीची भीती खेड्यात फार असते, म्हणून ती कशी होते ते सांगितलेलं बरं. तपासणीआधी जठरातला फेस मोडायला एक पातळ औषध प्यायला देतात. घशात बधिर करणारा लिग्नोकेनचा फवारा मारतात. डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये प्लास्टिकची कडी धरायला देतात. करंगळीच्या जाडीची लवचिक नळी आत जाते. ती श्वासनलिकेत नसते, त्यामुळे श्वास नाकाने चालूच राहतो. उमासे येतात, लाळ गळते, ती गळू द्यायची, गिळायची नाही. अस्तर धुऊन, हवा भरून, सगळे कोपरे नीट बघायला सात मिनिटं तरी लागतात. तुकडे घेताना दुखत नाही, कारण अस्तराला तशी संवेदना नसते. नंतर तासभर, घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. झोपेचं इंजेक्शन घेतलं असेल तर सोबत माणूस हवा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगायचं.

या वेळी जठर स्वच्छ होतं. तीच जखम, पण कडा उंच, असमान, स्पर्शाने रक्त येणारी. भोवतालच्या अस्तराच्या घड्या जखमेपाशी येऊन जाड होऊन तुटलेल्या. हवा भरली तरी तेवढा भाग फुगत नव्हता. आठ तुकडे घेतले. त्यातल्या पाचांत अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीच्या पेशींचा कर्करोग, निघाला आणि त्याच तुकड्यांत पायलोरी जंतूही दिसला. डिसेंबरमध्ये "नाही" म्हणालेली चाचणी गोळीमुळे फसली होती.

या जंतूचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. त्याआधी, १९९४ मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं होतं. हा जंतू आपल्याकडे फार जणांच्या पोटात असतो आणि त्यातल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. पण वर्षानुवर्षांची सूज, मग अस्तर पातळ होणं, मग पेशींचं रूप बदलणं या वाटेने काहींच्यात तो पुढे सरकतो. तंबाखू त्या वाटेवर भर घालते.

पुढचे सहा महिने

छाती आणि पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये जठराच्या खालच्या भिंतीची जाडी वाढलेली आणि शेजारच्या काही लसिका गाठी सुजलेल्या दिसल्या. यकृत स्वच्छ होतं. पोटाच्या आतल्या पडद्यावर मोहरीएवढे दाणे असतील तर ते सीटीत सुटतात, म्हणून लॅप्रोस्कोपीने आत पाहिलं आणि धुतलेलं पाणी तपासलं. तेही स्वच्छ आलं. आजार भिंतीच्या खोल थरापर्यंत गेला होता, पण पसरला नव्हता, आणि ऑपरेशन करण्याजोगा होता.

उशिराची किंमत इथे कळते. आजार अस्तर आणि त्याच्या लगतच्या थरापुरता असतानाच सापडला तर योग्य उपचारानंतर दहापैकी नऊहून जास्त रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात, आणि अगदी निवडक लहान गाठी तर पोट न उघडता दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतात. यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरल्यावर औषधं आयुष्य वाढवतात, पण ते बहुधा महिन्यांत मोजावं लागतं. हा रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये होता.

मराठवाड्यातल्या रुग्णांना यासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिव-लातूरच्या पट्ट्यातून बरेच जण बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी बसते. त्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा मूळ रिपोर्ट द्यावा लागतो. बायोप्सीच्या कागदाशिवाय मंजुरी अडते, म्हणून तो आणि तुकड्यांच्या काचेच्या स्लाइड किंवा मेणाचे ठोकळे पहिल्याच दिवशी मागून घ्यावेत.

आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमोथेरपी असा क्रम ठरला. फ्लॉट नावाची चार औषधांची पद्धत, दर दोन आठवड्यांनी एक, अशा चार फेऱ्या. त्याआधी शिरेतून लोह देऊन हिमोग्लोबिन वर आणलं. खाण्याकडे मुद्दाम लक्ष दिलं गेलं, कारण उपासमारीत केमो आणि ऑपरेशन दोन्ही जड जातात. ५७ किलोच्या या रुग्णाला दिवसाला ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं हवी होती. घरचे डाळीचं पाणी पाजत होते, त्यात प्रथिनं नावालाच असतात. त्याऐवजी घट्ट वरण, दिवसाला तीन अंडी म्हणजे साधारण १८ ग्रॅम, पाव लिटर दूध म्हणजे ८ ग्रॅम, भातात शेंगदाण्याचा बारीक कूट आणि ताकातली आंबील, असं दर दोन तासांनी थोडं थोडं सुरू केलं. चार फेऱ्यांत वजन आणखी उतरलं नाही, ५७ वर टिकलं. तंबाखू त्याच महिन्यात सुटली.

एप्रिलअखेर जठराचा खालचा सुमारे दोन तृतीयांश भाग आणि भोवतालच्या लसिका गाठी काढल्या. २४ गाठी तपासल्या, त्यातल्या दोन गाठींत कर्करोग होता. तपासलेल्या गाठींची संख्या रिपोर्टमध्ये जरूर पाहावी. सोळापेक्षा कमी असतील तर टप्पा ठरवण्यात चूक राहू शकते.

घरी गेल्यावर गुळाचा चहा घेतला की वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ येऊ लागली. जठर लहान झाल्याने गोड पातळ पदार्थ एकदम आतड्यात उतरतो, त्याने हे होतं. हृदयाचा त्रास समजून घरचे घाबरले होते. गूळ-साखर कमी केली, जेवणात पाणी न पिता अर्ध्या तासाने प्यायला सांगितलं, दिवसाचं जेवण सहा भागांत वाटलं आणि जेवणानंतर वीस मिनिटं आडवं पडायला सांगितलं. तीन आठवड्यांत त्रास बराच कमी झाला. जूनमध्ये उरलेल्या चार फेऱ्या सुरू झाल्या. लोह आणि बी-१२ ची तपासणी यापुढे कायमची आहे, कारण दोन्ही शोषून घेण्यात जठराचा मोठा वाटा असतो.

भाऊ

रुग्णाचा धाकटा भाऊ ४६ वर्षांचा. त्याला काही त्रास नव्हता, वजन स्थिर होतं. सख्ख्या नात्यात जठराचा कर्करोग असेल तर बाकीच्यांचा धोका वाढतो, म्हणून आई-वडील, भावंडं आणि मुलं यांची पायलोरी चाचणी करून जंतू असेल तर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. भावाची दुर्बीण झाली. जंतू होता, अस्तरावर सूज होती, बाकी काही नव्हतं. त्याला बिस्मथ, दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी असा १४ दिवसांचा कोर्स दिला.

या कोर्सने तोंडाला कडू चव येते, शौच काळी होते, मळमळतं. बरेच जण आठव्या-नवव्या दिवशी तो सोडतात, आणि अर्धवट सोडला की जंतू औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. भावाला हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे त्याने तो पुरा केला. जंतू गेला का, हे कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी आणि आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, शौचाच्या किंवा श्वासाच्या चाचणीने पाहायचं असतं. त्याआधी तपासलं तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. रक्तातली अँटिबॉडी चाचणी यासाठी चालत नाही, जंतू गेल्यावरही ती महिनोन् महिने पॉझिटिव्हच राहते. भावाची शौचाची चाचणी सहाव्या आठवड्यात केली, ती निगेटिव्ह आली. रुग्णाच्या २३ आणि २६ वर्षांच्या दोन्ही मुलांच्या चाचण्या त्यानंतर लावल्या.